विम्याच्या हप्त्यातून काय कापले जाते? – कमिशन व आकार दाखविण्याच्या नियमांविषयी माहिती



ऊसबिल हातात पडले की आपण पहिली नजर कुठे टाकतो? एकूण रकमेवर नव्हे, कपातींवर. सोसायटीचे कर्ज किती गेले, बेण्याचे व खताचे किती, ठेव किती, आणि शेवटी हातात किती उरले, हे पाहिल्याशिवाय कोणी सभासद पावतीची घडी घालीत नाही. वजनात दहा किलोची तूट दिसली तरी काट्यावर जाऊन विचारणारे आपण. पण त्याच बिलातले पन्नास हजार रुपये विम्याच्या हप्त्यात घालताना त्यातून काय कापले जाणार, हे विचारणारा सभासद शंभरात एखादा भेटतो.

याचे कारण आपला आळस एवढेच नाही. पुष्कळ वर्षे ही कपात कागदावर नीट दिसतच नव्हती. ती दिसावी म्हणून नियम बदलले, आणि ते टप्प्याटप्प्याने बदलले. गेल्या महिन्यात एक सभासद आपली नवी पॉलिसी घेऊन शेती ऑफिसात आले, तेव्हा ध्यानात आले की नियम झाले तरी कागद वाचायचा कसा हे आपल्याला कोणी सांगितलेले नाही. म्हणून हे टिपण. त्या सभासदांची हकीगत पुढे येईलच. त्यांचे नाव त्यांच्या इच्छेवरून दिलेले नाही.

आधी काय होते

विमा एजंटाला कमिशन मिळते यात गैर काही नाही. तो घरी येतो, फॉर्म भरून घेतो, हप्त्याची आठवण करतो. त्याचा मेहनताना त्याला मिळालाच पाहिजे. प्रश्न एवढाच, की तो किती आणि कोणाच्या पैशातून, हे घेणाऱ्याला ठाऊक असावे की नाही.

१९३८ च्या विमा कायद्यात कमिशनवर मर्यादा होती. सर्वसाधारणपणे पहिल्या वर्षाच्या हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ५ टक्क्यांपर्यंत कमिशन देता येई. पण ही मर्यादा कंपनी आणि एजंट यांच्यामधली होती. विमेदाराला कोणी ती सांगत नसे. पुढे विमा नियामक व विकास प्राधिकरण (यापुढे नुसते 'प्राधिकरण' म्हणू) स्थापन झाले आणि २००० सालच्या एजंटांच्या नियमांत एक कलम आले : गिऱ्हाइकाने विचारले, तर एजंटाने त्या पॉलिसीवरील कमिशनचे दर सांगितले पाहिजेत.

'विचारले तर' या दोन शब्दांतच सगळी गोम होती. घरी चहा घ्यायला आलेल्या, बहुधा ओळखीच्याच, कित्येकदा नात्यातल्याही माणसाला 'तुम्हाला यात किती सुटतात हो?' असे विचारणार कोण? कोणी विचारीत नसे आणि त्यामुळे कोणी सांगतही नसे.

त्यात मग बाजारात 'युलिप' आल्या. युलिप म्हणजे युनिटशी जोडलेला विमा. आपण भरलेल्या हप्त्यातून आधी काही आकार वजा होतात, उरलेल्या पैशाचे युनिट घेतले जातात, आणि त्या युनिटांची किंमत शेअरबाजार वा रोखे बाजाराप्रमाणे खाली-वर होते. काही योजनांत पहिल्या हप्त्याचा मोठाच भाग आकारात जाई. 'तीन वर्षे भरा आणि सोडून द्या' असे सांगून त्या विकल्या गेल्या. तीन वर्षांनी लोक पैसे काढायला गेले, तेव्हा बाजार वर असूनही हातात कमी का, हे त्यांना कळेना.

२०१० साली काय बदलले

म्युच्युअल फंडांच्या बाबतीत सेबीने १ ऑगस्ट २००९ पासून प्रवेश आकार बंद केला होता. सव्वादोन टक्क्यांपर्यंतचा हा आकार गेला आणि त्याच्या शेजारी युलिपमधली कपात लोकांच्या डोळ्यांवर येऊ लागली. एप्रिल २०१० मध्ये सेबीने चौदा विमा कंपन्यांच्या युलिपना हरकत घेतली, दोन नियामक संस्थांत वाद झाला आणि जून २०१० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून युलिप प्राधिकरणाच्याच अखत्यारीत ठेवल्या. त्याच काळात प्राधिकरणाने नियम कडक केले. आपल्या दृष्टीने त्यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या.

पहिली गोष्ट, १ जुलै २०१० पासून युलिप विकताना जो लाभाचा तक्ता दाखवतात, त्यात एजंटाला वा मध्यस्थाला मिळणारे कमिशन रुपयांत लिहिणे आले. म्हणजे 'विचारले तर' गेले आणि 'न विचारता, कागदावर' आले.

दुसरी गोष्ट, १ सप्टेंबर २०१० पासून विकायच्या युलिपवर एकूण आकारांचीच मर्यादा आली. ही मर्यादा मोजण्याची रीत समजण्यासारखी आहे. गुंतवणुकीला मिळालेला परतावा आणि सगळे आकार जाऊन आपल्या पदरात पडलेला परतावा, यांतला फरक ठराविक टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. पाचव्या वर्षाअखेर हा फरक जास्तीत जास्त ४ टक्के, दहाव्या वर्षाअखेर ३ टक्के, आणि पंधरा वर्षांनंतर सव्वादोन टक्के. जितका काळ जास्त, तितकी कपातीची मुभा कमी.

तिसरी गोष्ट, पैसे अडकण्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली, आणि मध्येच हप्ते बंद केले तर कापायच्या रकमेवरही मर्यादा आली.

तक्ता कसा वाचावा : एक उदाहरण

नियम ऐकून डोक्यात राहत नाहीत. हिशेब मांडला की राहतात. ऑफिसात आलेल्या सभासदांच्या कागदाशी जुळेल असेच उदाहरण घेऊ. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

वय ३५, वार्षिक हप्ता रु. ५०,०००, दहा वर्षे भरायचा, विम्याची रक्कम पाच लाख. तक्त्यात चार आकार दिसतात.

एक, हप्ता वाटप आकार. हप्ता भरताच, युनिट घेण्याआधी हा कापतात. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षी ६ टक्के म्हणजे रु. ३,०००, दुसऱ्या ते पाचव्या वर्षी ४ टक्के म्हणजे रु. २,०००, आणि पुढे २ टक्के म्हणजे रु. १,०००.

दोन, पॉलिसी प्रशासन आकार. कागदपत्र, नोंदी वगैरेंसाठी दरमहा रु. १००, म्हणजे वर्षाला रु. १,२००.

तीन, मृत्यू-जोखमीचा आकार. खरा विमा म्हणतात तो हा. पाच लाखांच्या संरक्षणाची ही किंमत. वयाप्रमाणे ती बदलते. आपण सरसकट वर्षाला रु. ५५० धरू.

चार, निधी व्यवस्थापन आकार. जमलेल्या सगळ्या रकमेवर वर्षाला १.३५ टक्के. नियमाने याची वरची मर्यादा हीच आहे. हा रोज थोडा थोडा, युनिटच्या किमतीतूनच वजा होतो, म्हणून वेगळा कापलेला दिसत नाही.

आता पहिले वर्ष चालवून पाहू. पन्नास हजारांतून तीन हजार गेले, राहिले सत्तेचाळीस हजार. त्यातून बाराशे आणि साडेपाचशे गेले, राहिले रु. ४५,२५०. एवढ्याच पैशाला वाढ मिळणार, पन्नास हजारांना नाही. वर्षाला ८ टक्के वाढ धरली तर रु. ४८,८७०. त्यातून निधी व्यवस्थापनाचे सुमारे रु. ६६० गेले. वर्षाअखेर शिल्लक रु. ४८,२१०.

म्हणजे बाजाराने ८ टक्के दिले, तरी वर्षाच्या शेवटी आपण भरल्यापेक्षा आपले कमीच. तक्त्यातल्या पहिल्याच ओळीत हे लिहिलेले असते. फक्त ती ओळ कोणी वाचून दाखवीत नाही, बोट शेवटच्या ओळीवर ठेवतात.

शेवटची ओळही पाहू. असेच दहा वर्षे चालवले तर शेवटी सुमारे रु. ६,७०,००० होतात. पाच लाख भरले आणि पावणेसात लाखांच्या जवळ आले, ऐकायला बरे वाटते. पण एकही आकार नसता तर त्याच ८ टक्क्यांनी सुमारे रु. ७,८२,००० झाले असते. मधला फरक एक लाख बारा हजारांचा. यात सुमारे एकोणऐंशी हजार प्रत्यक्ष कपात, आणि बाकीचे त्या कापलेल्या पैशाला जी वाढ मिळाली असती ती.

कोणता आकार जास्त खातो?

इथे बहुतेकांची फसगत होते. डोळ्यात भरतो तो पहिल्या वर्षीचा तीन हजारांचा आकार. दहा वर्षांची बेरीज मात्र वेगळेच सांगते. हप्ता वाटपाचे एकूण सोळा हजार, प्रशासनाचे बारा हजार, मृत्यू-जोखमीचे साडेपाच हजार. आणि निधी व्यवस्थापनाचे, जो आकार फक्त १.३५ टक्के म्हणून कोणी मोजीतच नाही, त्याचे सुमारे साडेपंचेचाळीस हजार!

कारण सोपे आहे. वाटप आकार एका हप्त्यावर एकदाच लागतो. व्यवस्थापन आकार साठलेल्या सगळ्या ढिगावर दरवर्षी लागतो. पहिल्या वर्षी रु. ६६०, तर दहाव्या वर्षी नऊ हजारांच्या वर. म्हणून 'आमच्या योजनेत वाटप आकार शून्य' अशी जाहिरात दिसली की हुरळून जाऊ नये. बाकीचे रकाने बघावेत.

मग पॉलिसी-पॉलिसीत तुलना कशी करायची? त्यासाठी तक्त्यावर एक आकडा वेगळा छापलेला असतो : निव्वळ परतावा. ८ टक्के ढोबळ परताव्यातून आकार वजा जाता काय उरते ते हा आकडा सांगतो. आपल्या उदाहरणात तो सुमारे ५.४८ टक्के निघतो. फरक २.५२ टक्के, दहाव्या वर्षाच्या ३ टक्क्यांच्या मर्यादेत, म्हणजे योजना नियमाला धरून आहे. दोन योजना समोर असतील, मुदत आणि हप्ता सारखा असेल, तर जिचा निव्वळ परतावा जास्त तिची कपात कमी. चार रकान्यांची डोकेफोड न करता एका आकड्यात काम होते.

मात्र एक ध्यानात ठेवावे. हा आकडा काढताना मृत्यू-जोखमीचा आकार धरीत नाहीत. तो धरला तर आपल्या हाती पडणारा परतावा सव्वापाच टक्क्यांच्या आसपास येतो. फसवणूक म्हणता येणार नाही, विम्याचे संरक्षण आपण घेतलेले असते. पण ठेवीच्या व्याजाशी तुलना करताना हा आकडा घ्यावा.

दुसरे असे, की तक्त्यात दोन दरांचे हिशेब असतात, ४ टक्के आणि ८ टक्के. पूर्वी हे दर ६ आणि १० टक्के होते. २०१३ च्या नियमांनी ते खाली आणले. हे दर म्हणजे हमी नव्हे, अंदाज दाखवण्यासाठी नेमून दिलेले आकडे आहेत. युलिपमध्ये याहून जास्त मिळू शकते, कमीही मिळू शकते. ४ टक्क्यांचा रकाना जरूर पाहावा. आपल्या उदाहरणात त्या दराने दहा वर्षांत पाच लाख भरून सुमारे रु. ५,३८,००० हातात येतात.

कमिशनचा रकाना आणि त्याविषयीचे गैरसमज

तक्त्यात 'मध्यस्थाला देय कमिशन' असा रकाना असतो. समजा पहिल्या वर्षापुढे रु. ३,००० आणि पुढच्या वर्षांपुढे रु. १,००० लिहिले आहेत. हे पाहून कोणी म्हणतो, 'म्हणजे आकार वेगळे आणि हे वेगळे?' तसे नाही. कमिशन कंपनी आपल्या आकारांतून व उत्पन्नातून देते. आपल्या हप्त्यातून ते दुसऱ्यांदा कापले जात नाही. म्हणून आकार आणि कमिशन यांची बेरीज करू नये.

मग तो रकाना कशासाठी? सांगणाऱ्याचा कल ओळखण्यासाठी. एकच माणूस दोन योजना दाखवतो आणि एकीचाच आग्रह धरतो, तेव्हा दोन्हींच्या कमिशनचा आकडा शेजारी ठेवला की आग्रहाचे कारण बहुधा उमगते. कधी कारण वेगळेही असते आणि तो सांगतो ते खरेही असते. पण विचारायला जागा होते.

दुसरा गैरसमज, 'कमिशन दिसते आहे, तर त्यातले अर्धे मला परत दे.' विमा कायद्याच्या कलम ४१ ने असे देणेही मना आहे आणि घेणेही. पहिला हप्ता एजंटच भरतो म्हणून पॉलिसी काढणारेही याच कलमात सापडतात.

आणि सर्वांत महत्त्वाची मर्यादा. कमिशनचा हा रकाना युलिपच्या तक्त्यात आहे. आपल्याकडे जास्त विकल्या जाणाऱ्या एंडोमेंट, मनीबॅक अशा पारंपरिक पॉलिसींच्या तक्त्यात तो नाही. तिथे खर्च व कमिशन हप्त्यातच मुरलेले असतात, वेगळे आकार दिसत नाहीत. हमीचे लाभ किती आणि बिनहमीचे बोनस किती एवढे दिसते. अशा वेळी जुना नियमच कामी येतो. एजंटाला कमिशनचा दर विचारावा. विचारल्यावर सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे.

हे विचारणे आता पूर्वीपेक्षा जरुरीचे झाले आहे. १ एप्रिल २०२३ पासून प्राधिकरणाने प्रत्येक प्रकारच्या पॉलिसीवरची कमिशनची वेगवेगळी मर्यादा काढून टाकली. कंपनीच्या एकूण व्यवस्थापन खर्चावर मर्यादा ठेवली आणि तिच्या आत कोणत्या पॉलिसीवर किती कमिशन द्यायचे ते कंपनीच्या संचालक मंडळावर सोपविले. म्हणजे 'कायद्याने इतकेच असणार' असा अंदाज बांधण्याची सोय राहिली नाही. विचारावेच लागते.

त्या सभासदांचे काय झाले

आता आपल्या सभासदांची गोष्ट. बिलाचे पैसे खात्यावर आले आणि आठवड्यात ओळखीचा माणूस घरी आला. 'एकदाच पन्नास हजार ठेवा, बँकेच्या ठेवीपेक्षा बरे' असे सांगितले. यांनी सह्या केल्या. पॉलिसी घरपोच आली, ती मुलाने सहज चाळली आणि म्हणाला, 'आबा, यात दहा वर्षे भरायचे लिहिले आहे.'

दोघे ते पुडके घेऊन ऑफिसात आले. लाभाचा तक्ता काढला. खाली एजंटाची सही होती आणि यांचीही होती. 'तक्ता मला समजावून सांगितला' अशा मजकुराखाली ती सही होती. हे कळल्यावर ते गप्पच झाले. दोन एकर ऊस, त्यातही यंदा खोडवा. दरवर्षी पन्नास हजार काढणे त्यांना झेपणारे नव्हते.

पुढच्या वर्षी हप्ता भरलाच नसता तर? पन्नास हजारांपर्यंतच्या हप्त्याला पहिल्या वर्षी बंद केल्याबद्दल जास्तीत जास्त रु. ३,००० कापता येतात. दुसऱ्या वर्षी दोन हजार, तिसऱ्या वर्षी दीड हजार, चौथ्या वर्षी एक हजार, आणि पाचव्या वर्षापासून काही नाही. रक्कम फार मोठी नाही. पण उरलेले पैसे लगेच हातात येत नाहीत. ते बंद पॉलिसींच्या निधीत जातात आणि पाच वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतात. मुलीच्या लग्नासाठी राखलेले पैसे असे अडकले असते.

सुदैवाने एक दार उघडे होते. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत, पसंत नाही म्हणून ती परत करता येते. पूर्वी सर्वसाधारणपणे ही मुदत पंधरा दिवसांची होती. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी सर्वांनाच तीस दिवस दिले. दिवस मोजायचे ते कागद मिळाल्यापासून, पैसे भरल्यापासून नव्हे. टपालाचा शिक्का असलेले पाकीट मुलाने जपून ठेवले होते. एकोणिसावा दिवस होता.

त्याच दिवशी कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज दिला, मूळ पॉलिसी जोडली आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. युलिप अशी परत केली की त्या दिवशीच्या युनिटची किंमत आणि कापलेले आकार असे दोन्ही मिळतात. त्यातून तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हिस्सा, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा होते. मधल्या दिवसांत बाजार थोडा उतरला होता, तेवढी झळ बसलीच. बाकी रक्कम खात्यावर जमा झाली.

ते जाताना म्हणाले, 'काट्यावर दहा किलोला भांडतो मी, आणि हितं सही करून मोकळा झालो.' त्यांचे बोलणे आम्ही मुद्दाम इथे नोंदले आहे.

कागद हातात आल्यावर पाहायच्या गोष्टी

२०२४ च्या नियमांनी पॉलिसीबरोबर एक 'ग्राहक माहिती पत्रक' देणे आले आहे. पॉलिसीचा प्रकार, लाभ, काय मिळणार नाही, परत करण्याची मुदत, तक्रार कुठे करायची, हे त्यात थोडक्यात असते. चाळीस पानांची पॉलिसी वाचणे होत नसेल तर निदान हे पत्रक आणि लाभाचा तक्ता घरात कोणाकडून तरी वाचून घ्यावा. मराठीत प्रत मिळते का, ते जरूर विचारावे.

सही करण्यापूर्वी तक्त्यात चार जागी बोट ठेवावे. हप्ता किती वर्षे भरायचा. पहिल्या वर्षाअखेर शिल्लक किती. निव्वळ परतावा किती. आणि कमिशनच्या रकान्यात काय लिहिले आहे. कोरा तक्ता, पेन्सिलीने लिहिलेला तक्ता किंवा नुसत्या मोबाईलवर दाखवलेले चित्र यांवर भिस्त ठेवू नये. एजंटाची आणि आपली, दोघांचीही सही असलेली तक्त्याची प्रत मागून घ्यावी. पुढे तक्रारीची वेळ आली तर तोच पुरावा. आणि हेही तितकेच खरे, की न वाचता केलेली आपली सही आपल्याच विरुद्ध पुरावा होते.

जुन्या तक्त्यांत कराचाही रकाना दिसेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्याच्या हप्त्यांवरचा जी.एस.टी. काढला आहे. त्यानंतरच्या हप्त्यावर कोणी जी.एस.टी. म्हणून जादा रक्कम मागितली तर पावती दाखवायला सांगावे.

तक्रार असेल तर प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांची कार्यालये पुण्यात व मुंबईत आहेत. त्यांच्याकडे फी नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र कंपनीच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जावे लागते.

एक खुलासा. कारखाना कोणत्याही कंपनीच्या पॉलिसीची शिफारस करीत नाही आणि कोणत्याही एजंटाला ऊसबिलांची यादी देत नाही. 'कारखान्यातून पाठवले आहे' असे कोणी सांगत असेल तर त्याचे नाव शेती ऑफिसात कळवावे. तक्ता वाचायला अडचण पडली तर गट ऑफिसात कागद घेऊन यावे. येताना टपालाचे पाकीट बरोबर आणावे, म्हणजे तीस दिवसांतले किती उरले ते आधी मोजता येईल.